ए९ महामार्गावरचे पिवळे खांब: सरासरी वेग मोजला की काय बदलतं

स्कॉटलंडमधल्या ए९ महामार्गाचा पर्थ ते इन्व्हर्नेस हा टप्पा साधारण १७७ किलोमीटरचा आहे. हायलँड्स या डोंगराळ भागाकडे जाणारी ही मुख्य वाट. बरीचशी मालवाहतूक, बरेचसे पर्यटक आणि रोजची कामं यावरूनच चालतात. इतका महत्त्वाचा रस्ता असूनही २०१४ साली त्याचा मोठा भाग, जवळजवळ १२९ किलोमीटर, दुभाजक नसलेला होता. येणारी एक लेन, जाणारी एक लेन आणि मध्ये फक्त रंगाचा पट्टा. अधूनमधून काही किलोमीटर दुभाजकवाला चौपदरी तुकडा येतो, मग रस्ता पुन्हा अरुंद होतो.

अशा रस्त्यावर अपघात कसे होतात हे आपल्याला वेगळं सांगायला नको. पुढे ट्रक, मागे वीस गाड्यांची रांग. चौपदरी तुकडा आला की सगळे एकदम सुटतात, तो संपत आला तरी दोघं-तिघं अजून ओव्हरटेकच करत असतात. दुभाजक नसलेल्या भागात कोणी घाईने बाहेर निघालं की समोरासमोर धडक. रस्ता पूर्ण चौपदरी करण्याची घोषणा २०११ साली झाली होती आणि मुदत होती २०२५. तोवर काय करायचं? उत्तर म्हणून पर्थच्याही दक्षिणेला असलेल्या डनब्लेनपासून इन्व्हर्नेसपर्यंत सुमारे २२० किलोमीटरवर सरासरी वेग मोजणारे कॅमेरे बसवायचं ठरलं आणि २८ ऑक्टोबर २०१४ रोजी ते सुरू झाले.

त्याआधी जो वाद झाला तो वाचण्यासारखा आहे, कारण विरोधकांचं म्हणणं पोकळ नव्हतं. त्या भागातले खासदार डॅनी अलेक्झांडर तेव्हा ब्रिटनच्या केंद्रीय अर्थखात्यात मंत्री होते आणि त्यांचा या कॅमेऱ्यांना उघड विरोध होता. विरोधकांचा मुद्दा असा की ए९ वरची माणसं वेगामुळे मरत नाहीत, वैतागामुळे मरतात. साडेसात टनांवरच्या ट्रकना दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ताशी ४० मैलांची, म्हणजे सुमारे ६४ किलोमीटरची मर्यादा होती, तर कारला ६० मैलांची, म्हणजे साधारण ९७ किलोमीटरची. एवढा फरक असल्यावर मागे रांगा लागणारच, आणि रांगेत अडकलेला माणूस कधीतरी जोखीम घेणारच. कॅमेऱ्यांनी हा फरक कसा मिटणार?

तो मिटणार नव्हताच. म्हणून कॅमेऱ्यांच्या जोडीने आणखी एक गोष्ट केली गेली. पर्थ ते इन्व्हर्नेस या भागात ट्रकची मर्यादा प्रायोगिक तत्त्वावर ४० वरून ५० मैलांवर नेली. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय हाच होता. कारची वरची टोकं कापायची, ट्रकला थोडं वर उचलायचं, म्हणजे दोघांतलं अंतर दोन्ही बाजूंनी कमी होतं. नुसते कॅमेरे बसवून ट्रक ४० वरच ठेवले असते तर विरोधकांचं म्हणणं बहुधा खरं ठरलं असतं.

आता मुळात कॅमेरा बदलल्याने काय बदललं ते पाहू.

एका जागेवरचा कॅमेरा तुमचा त्या क्षणाचा, म्हणजे तात्कालिक, वेग मोजतो. ब्रिटनमधला जुना गॅट्सो कॅमेरा रडारने वेग घेतो आणि मर्यादा ओलांडलेली दिसली की ठरावीक अंतराने दोन फोटो काढतो. रस्त्यावर रंगवलेल्या रेघांवरून गाडी तेवढ्या वेळात किती सरकली हे ताडून बघता येतं. आपल्याकडची स्पीडगन किंवा इंटरसेप्टर गाडीही त्या क्षणाचाच वेग देते, फक्त ती हलवता येते. यात चूक काही नाही. पण या यंत्राची सत्ता थोड्याच मीटरांपुरती असते. रोज जाणाऱ्याला खांब कुठे आहे ते पाठ असतं. तो खांबाआधी ब्रेक मारतो आणि खांब ओलांडला की पाय पुन्हा ॲक्सिलरेटरवर. वाहतूक अभ्यासक याला कांगारू परिणाम म्हणतात. एखादं धोक्याचं वळण, शाळेसमोरचा चौक, जिथे नेमक्या त्या शंभर मीटरातच वेग कमी हवा असतो, तिथे हा कॅमेरा उत्तम. ए९ वर धोका एका जागी नव्हता, शे-दीडशे किलोमीटरभर पसरलेला होता.

सरासरी वेगाच्या यंत्रणेत एकटा कॅमेरा वेग मोजतच नाही. तो फक्त नंबर प्लेट वाचतो आणि वेळ नोंदवतो. काही किलोमीटर पुढचा दुसरा कॅमेरा तेच करतो. दोन्ही नोंदी जुळल्या की अंतर भागिले वेळ, एवढंच गणित. रात्री प्लेट दिसावी म्हणून अवरक्त प्रकाश वापरतात आणि सगळ्या खांबांची घड्याळं उपग्रहाच्या वेळेशी जुळवलेली असतात. मर्यादेत असलेल्या गाडीची नोंद सहसा जुळणी झाल्यावर पुढे वापरली जात नाही.

दोन खांबांमध्ये ८ किलोमीटर अंतर आहे आणि मर्यादा ताशी ६० मैल आहे असं धरू. (खांबांतलं अंतर मी गणिताच्या सोयीसाठी घेतलं आहे.) मर्यादेत राहून हे अंतर कापायला किमान २९८ सेकंद लागतात. ताशी ७० मैलांनी गेलात तर २५६ सेकंदांत पोहोचाल. यंत्रणेच्या दृष्टीने गुन्हा म्हणजे हे वाचवलेले ४२ सेकंद. घड्याळात अख्ख्या एका सेकंदाची चूक झाली तरी उत्तरात फरक पडेल तो ताशी तिसऱ्या हिश्श्याच्या किलोमीटरचा. लांब अंतराचा हा मोठा फायदा आहे. हीच चूक दोनशे मीटरच्या अंतरात झाली असती तर तेरा-चौदा टक्क्यांचा गोंधळ झाला असता, कारण तेवढं अंतर गाडी साडेसात सेकंदांत कापते.

अंतराचं काय? गाडी लेन बदलते, वळण आतून घेते, मग आठ किलोमीटर म्हणजे नक्की किती? म्हणून मोजणी करताना रस्त्यावरून गाडीला शक्य असलेला सगळ्यात छोटा मार्ग धरतात. प्रत्यक्षात कोणीही त्याहून थोडं जास्तच चालवतं, म्हणजे यंत्रणेने काढलेला वेग खऱ्या वेगापेक्षा किंचित कमीच येतो. चूक झालीच तर ती चालकाच्या बाजूने व्हावी, हा हिशोब मुद्दाम केलेला असतो.

इथे एक आक्षेप नेहमी ऐकू येतो: कायद्यात गुन्हा आहे तो मर्यादेपेक्षा जास्त वेगाने चालवण्याचा, सरासरीचा नाही, मग सरासरीवरून दंड कसा? याचं उत्तर बारावीच्या गणितात आहे. सरासरी ताशी ७० मैल असेल तर वाटेत कुठल्या तरी क्षणी वेग निदान ७० असलाच पाहिजे. सतत त्याहून कमी वेगाने चालून सरासरी ७० येणं शक्यच नाही. म्हणजे सरासरी वेग हा चालकाच्या सर्वाधिक वेगाचा कमीत कमी अंदाज असतो. तात्कालिक कॅमेरा एका बेसावध क्षणाला पकडू शकतो, उतारावर दहा सेकंद काटा वर गेला तेव्हाही. सरासरी यंत्रणा असे दहा सेकंद माफ करते. त्या अर्थाने ती जास्त न्यायाची आहे, असं मला वाटतं.

पण ती किती माफ करते हेही बघायला हवं. समजा कोणी पहिले चार किलोमीटर ताशी १३० किलोमीटरने हाणले आणि मग लक्षात आलं. पुढच्या चार किलोमीटरमध्ये भरपाई करायची तर वेग किती हवा? मर्यादा ९७, म्हणजे ३३ जास्त झाले तर ३३ कमी करून ६४ ने जावं, असं मनात येतं. प्रत्यक्षात साधारण ७७ ने गेलं तरी पुरतं, कारण हळू चालताना त्याच अंतरात वेळ जास्त जातो आणि सरासरी वेळेवर ठरते. अर्धं अंतर १२० ने आणि अर्धं ८० ने गेलात तर सरासरी १०० येत नाही, ९६ येते. म्हणजे १३० ने धावलेला माणूस बऱ्यापैकी स्वस्तात सुटू शकतो. ही या पद्धतीची खरी फट आहे. याहून मोठी फट म्हणजे थांबा. ताशी ११० ने आठ किलोमीटर जाणाऱ्याने वाटेत चाळीस सेकंद गाडी बाजूला घेतली तरी तो कागदावर मर्यादेत येतो. म्हणूनच एक लांब जोडी ठेवण्यापेक्षा ओळीने अनेक खांब लावतात. पहिल्या आणि दुसऱ्या खांबादरम्यान चहा प्यायला थांबलेला माणूस त्या जोडीत सुटतो, पण दुसरा-तिसरा, तिसरा-चौथा या जोड्या तशाच उभ्या असतात.

बहुतेक चालक मात्र असा हिशोब करत नाहीत. पुढचा खांब कुठे आहे, जोडी कुठली लागू आहे, हे आठवत बसण्यापेक्षा एका वेगावर काटा ठेवणं सोपं जातं. ए९ वर हेच दिसलं. कॅमेऱ्यांआधी दर तीन गाड्यांपैकी एक मर्यादा ओलांडत होती. नंतर हे प्रमाण पंधरांत एक इतकं उतरलं. आणि ते खांबाजवळच्या दोनशे मीटरांत नव्हे, लांबच लांब पट्ट्यावर. विशेष म्हणजे इतकी माणसं पकडून हे झालं नाही. खांब भडक पिवळे आहेत, पाट्या ठळक आहेत. लपूनछपून काही नाही. यंत्रणा दिसावी आणि दंड कमी निघावेत, अशीच तिची रचना आहे.

ए९ च्या रचनेत एक तांत्रिक अडचण अशी होती की मर्यादा सगळीकडे एकच नव्हती. दुभाजक नसलेल्या भागात कारला ६० मैल, चौपदरी तुकड्यात ७०. ट्रकला वेगळी, मागे कॅरव्हॅन ओढणाऱ्या कारला आणखी वेगळी. वाहनाचा प्रकार नंबरवरून नोंदणीच्या माहितीत सापडतो, पण मागे कॅरव्हॅन जोडली आहे की नाही हे फोटोच सांगतो. आणि दोन खांबांच्या मध्येच मर्यादा बदलत असेल तर? एक उपाय म्हणजे खांबच मर्यादा बदलते तिथे रोवायचे. दुसरा म्हणजे किमान वेळ तुकड्यातुकड्याने काढायचा. आठपैकी पाच किलोमीटर ६० मैलांच्या मर्यादेचे असतील तर त्यांना १८६ सेकंद, उरलेल्या ७० मैलांच्या तीन किलोमीटरना ९६ सेकंद. एकूण २८२. त्याहून लवकर आलेली गाडी कुठे ना कुठे मर्यादा मोडून आलेली आहे. कुठे मोडली ते मात्र हे गणित सांगू शकत नाही. चौपदरी तुकड्यात ती धावली की अरुंद रस्त्यावर, हे कळत नाही, आणि धोक्याच्या दृष्टीने दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

नंबर प्लेट हा या यंत्रणेचा दुसरा नाजूक सांधा. तात्कालिक कॅमेऱ्याला वेग आधी कळतो, प्लेट नंतर माणसानेही वाचली तरी चालते. इथे प्लेट चुकीची वाचली तर वेगच निघत नाही. चिखलाने झाकलेली प्लेट एका खांबावर वाचली गेली आणि दुसऱ्यावर नाही, तर गाडी सरळ सुटते. दोन वेगळ्या गाड्या एकच समजल्या गेल्या तर मात्र निरपराध माणसाला नोटीस जाऊ शकते. ते ओळखायची खूण म्हणजे अशक्य वेग. आठ किलोमीटर दीड मिनिटात पार केलेली कार दिसली तर ती ३२० च्या वेगाने धावलेली नसते. एकतर अक्षर चुकलेलं असतं किंवा एकाच नंबरच्या दोन गाड्या रस्त्यावर असतात, आणि दुसरी शक्यता पोलिसांच्या कामाची असते. म्हणून दोन्ही खांबांवरचे फोटो शेजारी ठेवून गाडी, रंग, प्लेट एकच आहे याची खातरी केल्याशिवाय नोटीस काढू नये. ब्रिटनमध्ये ही नोटीस नोंदणीकृत मालकाला १४ दिवसांत मिळायला लागते.

आता निकाल. इथे आकड्यांशी जपून वागावं लागतं. कॅमेरे सहसा तिथेच लागतात जिथे आधीची दोन-तीन वर्षं वाईट गेलेली असतात. वाईट वर्षांनंतर काहीच न करता थोडी बरी वर्षं येतातच, निव्वळ योगायोगाने. त्याचं श्रेय कॅमेऱ्याला देणं सोपं असतं. २०१६ साली ब्रिटनमध्ये रस्ते-वाहतुकीवर संशोधन करणाऱ्या आरएसी फाउंडेशनने देशभरातल्या सरासरी वेगाच्या यंत्रणांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात हा योगायोगाचा भाग आणि देशभर तशीही होत असलेली घट दोन्ही वजा केल्या होत्या. तरीही मृत्यू किंवा गंभीर दुखापतीच्या अपघातांत सुमारे ३६ टक्के घट उरली. किरकोळ धरून सगळ्या दुखापतींच्या अपघातांत घट याच्या निम्म्याहूनही कमी होती. हा फरक समजण्यासारखा आहे. वेग कमी झाला म्हणून धडक टळतेच असं नाही, पण धडकेचा जोर वेगाच्या वर्गाने घटतो. ताशी ११० ऐवजी ९० ने झालेल्या धडकेत ऊर्जा एक तृतीयांशाने कमी असते.

ए९ वर पहिली वर्षं समाधानाची गेली. मग २०२२ साल उजाडलं आणि पर्थ-इन्व्हर्नेस भागात डझनभर माणसं दगावली. गेल्या वीस वर्षांतला तो सगळ्यात वाईट आकडा होता. कॅमेरे जागेवर होते, चालू होते. आठ वर्षांपूर्वीचे विरोधक बरोबर होते का? अर्धे. वेगाने होणारे अपघात कॅमेऱ्यांनी आवरले, पण मर्यादेतल्या वेगाने समोरच्या लेनमध्ये शिरणारी गाडी कॅमेरा अडवू शकत नाही. छेदरस्त्यावरून अंदाज चुकवून आडवी येणारी गाडी, झोप लागलेला चालक, युरोपातून आलेला आणि सवयीने उजवीकडून चालवू लागलेला पर्यटक, या सगळ्यांची सरासरी वेगाची नोंद निर्दोष असू शकते. त्यांना अडवतो तो दुभाजक. आणि दुभाजकाचं काम रेंगाळलं. २०१७ आणि २०२१ मध्ये एकेक तुकडा चौपदरी झाला, २०२५ ची मुदत गेली, आता २०३५ सांगितलं जातं. एका तात्पुरत्या उपायाला दोन दशकं खांद्यावर घ्यावी लागली तर त्याच्याकडून भलत्या अपेक्षा होणारच.

आपल्याकडे हीच पद्धत मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आली आहे. तिथल्या वाहतूक व्यवस्थापन यंत्रणेने २०२४ च्या जुलैपासून चलनं काढायला सुरुवात केली आणि तात्कालिक वेगाच्या जोडीने सरासरी वेगही मोजला जातो. रस्ता ए९ पेक्षा फार वेगळा. साडेचौऱ्याण्णव किलोमीटर, दुभाजक आहे, दुचाकींना बंदी आहे, मध्येच आत शिरायचे-बाहेर पडायचे मार्ग मोजके. त्यामुळे एकदा आत शिरलेली गाडी पुढच्या खांबाला येणारच, ही यंत्रणेला फार सोयीची गोष्ट. ए९ ची मुख्य अडचण, म्हणजे समोरासमोरची धडक, इथे अपवादानेच उद्भवते. इथली अडचण घाट ही आहे. सपाटीवर कारला ताशी १०० आणि बोरघाटात ६०. दोन मर्यादांचा सांधा नेमका तिथेच येतो जिथे उतार, वळणं आणि ब्रेक तापलेले ट्रक एकत्र येतात.

समजा मोजणीचा एखादा पट्टा दहा किलोमीटरचा आहे आणि त्यातले सहा सपाटीचे, चार घाटातले. नियमाने सपाटीला २१६ सेकंद आणि घाटाला २४०, म्हणजे किमान ४५६ सेकंद लागायला हवेत. पट्टाभर १०० हीच मर्यादा धरली तर यंत्रणा ३६० सेकंदांत येणाऱ्यालाही सोडेल, म्हणजे घाटात १०० ने गेलेला माणूस निर्दोष. उलट पट्टाभर ६० धरली तर किमान वेळ ६०० सेकंद होते आणि काटेकोर नियम पाळणाऱ्यालाही चलन जाईल. म्हणून घाटाच्या सुरुवातीला आणि शेवटाला खांब असणं ही इथे चैनीची बाब नाही.

फूड मॉलचंही लक्षात घ्यायला हवं. आपला माणूस द्रुतगती मार्गावर वडापावसाठी थांबतोच. ज्या जोडीच्या मध्ये मॉल येतो तिथली सरासरी जवळपास निरुपयोगी ठरते, आणि तेवढ्या भागात तात्कालिक कॅमेऱ्याला पर्याय नाही. व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरतं की दोन टोलनाक्यांवरच्या पावत्यांच्या वेळेवरून चलन येतं. टोलनाक्याची घड्याळं वेग मोजण्यासाठी प्रमाणित केलेली नसतात आणि नाक्यावरची रांग, मधला थांबा सगळं त्या वेळेत मिसळलेलं असतं. सरासरी वेगाचं चलन उभं राहतं ते प्रमाणित घड्याळाच्या दोन नोंदींवर आणि मोजलेल्या अंतरावर.

तेव्हा असं चलन आलं आणि ते पटलं नाही, तर काट्यावर तेव्हा किती होतं हे सांगण्यात अर्थ नाही, कारण कुठल्याच एका क्षणाबद्दल ते काही म्हणत नाही. विचारायचे प्रश्न वेगळे आहेत: पहिला खांब कुठला आणि दुसरा कुठला, मधलं प्रमाणित अंतर किती, दोन्ही वेळा सेकंदापर्यंत काय, दोन्ही फोटोंत गाडी तीच दिसते का, आणि मध्ये मर्यादा बदलत असेल तर किमान वेळ कशी काढली. अंतराला वेळेने भागून येणारं उत्तर कोणालाही फोनच्या कॅल्क्युलेटरवर ताडून बघता येतं. नुसत्या रडारच्या आकड्याबाबत ही सोय नसते.